तेरा वर्षांनंतरची पश्चिमेची भिंत: नव्या घराचं जुनं चित्र कसं करायचं

मी केलेलं पहिलं ‘जुनं’ चित्र साइटवरच्या कडियाने पाहिलं होतं. बडोद्यात आम्ही मराठी घरांतही गवंड्याला कडियाच म्हणतो. नव्या बंगल्याचं तयार चित्र घेऊन त्यावर मी शेवाळ, काळे ओघळ आणि पोपडे चढवले होते आणि दारावरचं तांब्याचं छप्पर हिरवंगार केलं होतं. त्यांनी ते जरा वेळ नीट पाहिलं आणि विचारलं, “बेन, या भिंतीला दुपारभर ऊन असतं. एवढं शेवाळ इथं टिकलं कसं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंटरनेटवरून डागांचा एक तयार फोटो घेऊन मी तो अख्ख्या इमारतीवर सारखाच पसरला होता. भिंत कुठल्या दिशेची आहे, पाणी कुठून येतं, याचा विचारच केला नव्हता. त्यानंतर मी हे काम ज्या क्रमाने करायला शिकले तो क्रम इथे एकाच घराच्या एकाच भिंतीवर दाखवते. मी मॉडेल ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये करते. कुणी तयार चित्रावर क्रितामध्ये हाताने रंगवत असेल तर त्यालाही हाच क्रम चालेल, कारण यातलं निम्मं काम कागदावरच होतं.

घर असं: तळमजला आणि वर दोन मजले, रस्ता पश्चिमेला. भिंतीला प्लास्टर आणि त्यावर हळदी पिवळा बाहेरचा रंग. गच्चीला मीटरभर उंचीचा पॅरापेट म्हणजे कठडा, त्याचा माथा सपाट. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांवर ४५ सेंटिमीटरचा छज्जा आहे. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवर तो नाही, कारण आर्किटेक्टना तिथे भिंत सपाट हवी होती. खिडक्यांना लोखंडी ग्रील, दारावर तांब्याच्या पत्र्याचं छोटं छप्पर, दाराशेजारी कडुलिंबाचं रोप. घरमालक काका-काकूंना प्रश्न एवढाच पडला होता की दहा-पंधरा वर्षांनी हे कसं दिसेल.

आधी दोन वयं ठरवा

“पंधरा वर्षांनंतर” हे चित्राला पुरत नाही. लोक घराला रंग देतात. समजा हे घर दर सात वर्षांनी रंगवलं जाणार आहे. मग चौदाव्या वर्षी रंग लागेल आणि पंधराव्या वर्षी भिंत जवळजवळ नवीच दिसेल. म्हणून प्रत्येक चित्राला दोन वयं लागतात: एक इमारतीचं आणि एक शेवटच्या रंगाचं. ऊन खाल्लेला रंग, ओघळ, भिंतीवरचं काळं हे सगळं रंगाच्या वयाने चालतं. तांबं, झाड, पॅरापेटवरच्या भेगा आणि मुळं इमारतीच्या वयाने चालतात. ही दोन वयं एकत्र केली की चित्र खोटं पडतं: सहा वर्षांच्या रंगावर वीस वर्षांचे डाग येतात, किंवा ताज्या रंगाच्या भिंतीशेजारी रोपाएवढंच झाड उभं राहतं.

आम्ही तेरावं वर्ष घेतलं. इमारत १३ वर्षांची, रंग ६ वर्षांचा, पुढचं रंगकाम एका वर्षावर. घर सर्वांत थकलेलं दिसण्याची ही वेळ, आणि मालकांना तीच पाहायची असते.

तिसरी गोष्ट महिना. प्लास्टरवरचा काळेपणा आपण धूळ समजतो, पण त्यात बहुतेक वेळा सूक्ष्म शैवाल असतं. ओलं असताना ते हिरवट दिसतं आणि वाळलं की काळं. एकच भिंत ऑगस्टमध्ये हिरवी आणि मेमध्ये काळी दिसते. चित्रात हिरवे आणि काळे डाग सरमिसळ टाकले तर दोन ऋतू एकाच वेळी दिसतात, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकल्याचं कळतं. आम्ही मे महिना धरला.

निळी पेन्सिल

आता संगणक बंद ठेवा. भिंतीचं समोरचं रेखाचित्र मोठं छापून घ्या आणि निळ्या पेन्सिलीने पाण्याची वाट काढा. वरून सुरुवात करा, थेंब व्हा आणि खाली या.

पहिलं थांबण्याचं ठिकाण पॅरापेटचा माथा. उन्हाळाभर तिथे धूळ साचते. माथा सपाट असेल तर पहिल्या पावसात ती धूळ अर्धी गच्चीकडे आणि अर्धी रस्त्याकडच्या तोंडावरून खाली येते. म्हणून जुन्या घरांच्या पॅरापेटखाली काळ्या जिभा लोंबताना दिसतात. त्या सारख्या लांबीच्या नसतात. माथ्यावर जिथे चीर किंवा सांधा असतो तिथली जीभ सगळ्यात लांब. माथ्याचा उतार गच्चीकडे असला की पुढच्या तोंडावर जिभा फारशा येत नाहीत.

दुसरं ठिकाण खिडकी. प्लास्टर थोडं पाणी पितं, पण काच अजिबात पीत नाही. काचेवर पडलेलं सगळं पाणी सिलवर, म्हणजे खिडकीच्या खालच्या आडव्या पट्टीवर येतं आणि सिलच्या दोन टोकांवरून भिंतीवर उतरतं. म्हणून जुन्या खिडक्यांच्या खाली दोन्ही बाजूंना मिशा दिसतात. सिल भिंतीबाहेर आलेली असेल आणि तिच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच असेल तर मिशा बारीक येतात. सिल भिंतीशी सपाट असेल तर सगळीच कड गळते आणि खाली रुंद डाग पडतो.

तिसरं ठिकाण छज्जा. छज्जाखालची हातभर पट्टी पावसात बरीचशी कोरडी राहते. तिथे काळं येत नाही, धूळ येते. आणि उन्हापासूनही बचाव होतो, म्हणून रंग तिथे टिकतो. हे नवख्यांना उलटं वाटतं. आपण सवयीने कोपऱ्यात, सावलीत, छज्जाखाली घाण काळी करतो. खरी भिंत पाहिली की छज्जाखाली सर्वांत स्वच्छ आणि गडद पिवळा पट्टा दिसतो आणि त्याखाली उजाड, फिकट भिंत.

चौथं ठिकाण एसी. त्याच्या पाण्याची नळी पुरेशी लांब नसेल आणि भिंतीवर गळत असेल, तर मे महिन्यात सगळी भिंत कोरडी ठणठणीत असताना तिथे एक बोटभर रुंदीचा ओला हिरवा ओघळ असतो. आमच्या चित्रातली हिरव्या शेवाळाची ही एकमेव जागा. काकूंनी चित्र पाहिलं तेव्हा त्यांचं बोट सगळ्यात आधी इथेच गेलं. त्यांच्या जुन्या घरात नेमका असाच ओघळ होता.

शेवटचं ठिकाण जमीन. पावसाचा थेंब मातीवर आपटून भिंतीवर उडतो, त्यामुळे खालच्या गुडघाभर पट्टीवर मातीच्या रंगाचा शिंतोडा येतो. त्याची वरची कड धूसर असते, रेघ मारल्यासारखी नसते. भिंतीत जमिनीतून चढलेली ओल आणि तिच्या वरच्या टोकाला लागणारा लोणा ही वेगळी गोष्ट आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर नीट घातलेल्या नव्या घरात ती दाखवू नका. पूर येणाऱ्या भागात मात्र सरळ आडवी रेघ येते. ऑगस्ट २०२४ अखेर बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी ज्या वस्त्यांत शिरलं तिथल्या भिंतींवर ती पुढे बराच काळ दिसत होती. ती रेघ फक्त तिथल्याच प्लॉटवर काढायची, आणि ती नेहमी पाणसळीत असते. जमीन उताराची असली तरी रेघ आडवीच.

ही पेन्सिल झाली की कागद घेऊन एक फेरी मारा. आपल्या इमारतीत जे साहित्य आहे त्याच साहित्याची, त्याच दिशेला तोंड असलेली, दहा-पंधरा वर्षांची घरं शोधा. लक्ष्मी विलास राजवाडा किंवा सूरसागर तलावाभोवतालच्या जुन्या वास्तू सुंदर आहेत, पण त्यांचा दगड आणि चुना आपल्या सिमेंट-प्लास्टरसारखा म्हातारा होत नाही. तिथला डाग इथे आणू नका. आपल्याला सोसायटीतलं साधं घर उपयोगाचं. फोटोत माणूस, दार किंवा वीट येऊ द्या, म्हणजे डागाचं माप कळेल.

उन्हाचं काम: रंग फिका करणं

डागांच्या आधी फिकेपणा. भिंतीच्या आयुष्यातही डाग फिक्या होत चाललेल्या रंगावरच पडतात.

बडोदं साधारण २२.३ अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. तिला ऊन मिळतं ते हिवाळ्यात. पश्चिमेची भिंत मात्र वर्षभर दुपारनंतर तापते, शिवाय नैर्ऋत्येचा पाऊसही तिच्यावरच येतो. म्हणून तिथे रंग लवकर उडतो, पण भिंत लवकर वाळत असल्यामुळे शेवाळ फक्त पाणी वारंवार वाहतं तिथेच टिकतं. उत्तरेच्या भिंतीचं उलट: रंग बराच टिकतो आणि काळं-हिरवं मऊ पसरतं. कडियांनी बोट ठेवलं होतं ते याच चुकीवर.

कुठला रंग किती उडतो हे रंगद्रव्यावर आहे. गेरू आणि पिवळ्या मातीसारखे लोहाचे रंग उन्हाला चिवट असतात. भडक पिवळे, गुलाबी, जांभळे बहुतेक लवकर उडतात. आमचा हळदी पिवळा भडक होता, म्हणून फिकेपणा ठळक ठेवला. एक गोष्ट लक्षात ठेवा: रंग उडाला म्हणजे करडा झाला असं नाही. त्याची चमक जाते, वर खडूसारखी पांढरी भुकटी येते, भिंतीला बोट लावलं तर ते पांढरं-पिवळं होतं. म्हणजे रंग फिका होतो आणि उजळतोही. गडद थर चढवून ते येत नाही. ब्लेंडरमध्ये मूळ रंगानंतर मी हे जोडते:

```
Hue/Saturation/Value
Saturation  0.7
Value       1.08

Principled BSDF
Roughness   0.9
```

हे आकडे या एका भिंतीचे आहेत. खऱ्या भिंतीचा फोटो शेजारी ठेवून ते बदला. ही फिकी आवृत्ती आणि मूळ रंग Mix Color मध्ये घाला आणि छज्जाखालच्या पट्टीत मूळ रंग राहू द्या. त्यासाठी मी हाताने रंगवलेला मुखवटा, म्हणजे कुठे कुठला रंग दिसावा हे ठरवणारं काळं-पांढरं चित्र, वापरते. तो लवकर होतो आणि निळ्या कागदाशी नेमका जुळतो.

ओघळ

ओघळ म्हणजे उभे ताणलेले वेडेवाकडे ठिपके. तो असा तयार होतो:

```
Texture Coordinate: Object
→ Mapping: Scale X 8, Y 8, Z 0.4
→ Noise Texture → Color Ramp
```

Z कमी ठेवल्यामुळे ठिपके खाली ओढले जाऊन रेघा होतात. पण हे नुसतं सगळ्या भिंतीवर सोडलं तर पुन्हा माझं पहिलं चित्र होईल. त्याला हाताने रंगवलेल्या मुखवट्याने गुणा: निळी रेघ आहे तिथे पांढरं, बाकी काळं. पाणी सुटतं त्या जागी मुखवटा पूर्ण पांढरा, खाली येताना विरळ. ओघळ वर ठळक आणि खाली हरवणारा असतो. खाली जाड आणि वर बारीक काढला तर तो रंग सांडल्यासारखा दिसतो.

ब्लेंडरमध्ये Ambient Occlusion नावाचा नोड आहे. तो खाचा आणि कोपरे आपोआप शोधतो आणि नवख्यांना फार आवडतो. तो धुळीसाठी ठीक आहे. पण त्याला पाऊस कळत नाही. छज्जाखालचा कोरडा कोपराही तो काळा करतो. मी तो फक्त आडव्या सपाट जागांवर, छज्जाच्या माथ्यावर आणि सिलवर वापरते, तोही हलका.

माप पाहा. खऱ्या भिंतीवरचे बहुतेक ओघळ दोन-चार बोटं रुंदीचे असतात आणि एकमेकांत मिसळून रुंद डाग होतो. चित्रात एक-एक ओघळ फूटभर रुंद झाला की अख्खं घर खेळण्यातलं दिसतं. दाराजवळ १७० सेंटिमीटरचा माणूस उभा करून पाहा, लगेच कळतं.

ग्रीलचा गंज वेगळा थर. तो फक्त लोखंड प्लास्टरमध्ये शिरतं त्या बिंदूपासून सुरू होतो, नारिंगी-तपकिरी असतो, आणि वीतभर खाली जाऊन पुसट होतो. खिडकीच्या प्रत्येक गजाखाली तो काढू नका. तेरा खिडक्यांपैकी चार-पाच ठिकाणी पुरे, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नसता.

हिरवं कुठे उगवेल

पिंपळ, वड, उंबर यांचं बी पाखरांच्या विष्ठेतून येतं. त्याला टेकायला धूळ आणि ओल लागते, म्हणजे गच्चीच्या पाइपाचा सांधा, पॅरापेटच्या माथ्यावरची चीर, छज्जाचा भिंतीला लागलेला मागचा कोपरा. सपाट भिंतीच्या मधोमध पिंपळ उगवत नाही. म्हणून झाडं विखरून टाकणारी यंत्रणा वापरू नका. तीन रोपं हाताने लावा आणि प्रत्येकासाठी “हे बी इथे कसं टिकलं?” याचं उत्तर द्या.

आता इमारतीचं वय. लोक पिंपळ उपटतात, पण मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. म्हणून पाइपाच्या सांध्यावर मी तोडलेला बुंधा आणि त्यातून फुटलेल्या कोवळ्या, तांबूस पानांच्या दोन फांद्या काढल्या. शेजारच्या प्लास्टरमध्ये एक केसभर चीर. नुसत्या हिरव्या झुपक्यापेक्षा यातून तेरा वर्षं जास्त नीट कळतात.

आणि दाराशेजारचं कडुलिंबाचं रोप विसरू नका. तेरा वर्षांत ते दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ शकतं. मग भिंतीचा काही भाग दुपारच्या उन्हापासून झाकला जातो, तिथे रंग कमी उडतो आणि ओल जास्त टिकते. म्हणजे आधी झाड मोठं करायचं, मग फिकेपणाचा मुखवटा पुन्हा दुरुस्त करायचा. मी हे एकदा उलट केलं आणि दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.

तांब्याचं छप्पर

तांबं म्हटलं की सगळे हिरवं करतात. प्रत्यक्षात नवं तांबं काही महिन्यांत तपकिरी होतं, मग गडद चॉकलेटी. हिरवा थर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत काही वर्षांत येतो. समुद्रापासून दूर, वर्षातले बरेच महिने कोरड्या हवेत त्याला बऱ्याचदा दशकं लागतात. शिवाय उतारावर पाणी रेंगाळतं तिथे तो आधी येतो आणि उभ्या पट्टीवर उशिरा. म्हणून तेराव्या वर्षी आमचं छप्पर गडद तपकिरी, खालच्या कडेला जिथे थेंब अडतो तिथे फक्त एक निळसर-हिरवी किनार. त्या किनारीखाली पिवळ्या भिंतीवर पुसटसा हिरवट ओघळ दाखवला. मालकांना हे सांगणं गरजेचं आहे, कारण तो ओघळ रंग दिल्यावरही पुन्हा पुन्हा येतो.

प्रकाश आणि तपासणी

पश्चिमेच्या भिंतीवर मेमध्ये पाच वाजताचं ऊन सरळ समोरून येतं आणि सगळे पोपडे सपाट करून टाकतं. दुपारी दोनच्या सुमाराला ऊन भिंतीला घासून खाली येतं. मग प्लास्टरची प्रत्येक चीर, उचललेला पोपडा आणि छज्जाची लांब सावली दिसते. आम्ही दोनचं ऊन घेतलं.

तपासताना चित्र काळं-पांढरं करा. डाग नुसत्या रंगाच्या फरकाने दिसत असतील तर काळ्या-पांढऱ्यात ते नाहीसे होतात, म्हणजे ते वरवरचे आहेत. मग एक-एक डागावर बोट ठेवून विचारा: इथे पाणी आलं कुठून? उत्तर मिळालं नाही तर तो डाग पुसा. आमच्या चित्रात दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांमधले तीन डाग असेच गेले. ते मी फक्त मोकळी जागा भरायला टाकले होते.

याच तपासणीत खरी गोष्ट सापडली. पुसायला गेलेले बाकीचे डाग पुसता येत नव्हते, कारण प्रत्येकाला कारण होतं. दुसऱ्या मजल्यावर छज्जा नसल्यामुळे पॅरापेटच्या जिभा आणि खिडक्यांच्या मिशा मिळून वरचा एक तृतीयांश भाग काळा झाला होता, आणि खालचा मजला छज्जामुळे बराच बरा दिसत होता. चित्र काका-काकूंसमोर ठेवलं तेव्हा काका गप्प राहिले. काकू म्हणाल्या, “खालच्यासारखं वर नाही का करता येणार?”

आर्किटेक्टना वरती छज्जा नको होता. शेवटी पॅरापेटचा माथा गच्चीकडे उताराचा केला, त्याची कड भिंतीबाहेर पाच सेंटिमीटर काढून खाली पाणी तोडणारी खाच दिली, आणि वरच्या सिलही तशाच बाहेर घेतल्या. मी निळी पेन्सिल पुन्हा पहिल्यापासून काढली. पॅरापेटच्या जिभा जवळजवळ गेल्या, मिशा उरल्या, पण बारीक. रंग तेवढाच फिका राहिला, कारण उन्हाला कुणी अडवलं नव्हतं.

नवं चित्र देताना त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी चार ओळी लिहिल्या: इमारत १३ वर्षं, रंग ६ वर्षं, महिना मे, दुपारचे २. खाली आणखी एक ओळ: एसीची नळी भिंतीवर सोडली तर. काकांनी ती ओळ वाचली आणि दुसऱ्या दिवशी प्लंबरला फोन केला.